कागदावर चोवीस तास, नळाला दोन तास

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आकडे आहेत, आणि कुणाला राग येईल. पण येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या गावची नवी पाणीयोजना मंजुरीला येतेय आणि ती ज्या कागदावर उभी आहे तो कागद सभागृहातल्या एकाही सदस्याने वाचलेला नाही, असं मला त्यांच्याशी बोलून दिसलं. मी वाचलाय. माहितीच्या अधिकारात मागून घेतला. अकरा पानं आहेत, शीर्षक 'हायड्रॉलिक मॉडेलचा सारांश'. आयुष्याची एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेली, त्यामुळे हे असले सारांश मी वाचलेत, तपासलेत आणि सांगायला लाज वाटते, पण न बोलता सह्याही केल्यात. म्हणून बोलतोय.

सारांशात तीन गोष्टी असतात. लोकांना पाणी किती लागेल हे काय धरलं, त्या हिशेबाने प्रत्येक ठिकाणी नळाला दाब किती उरेल, आणि टाकी भरायला पंप कोणता घ्यायचा. आपल्या सारांशात तिन्ही आकडे नियमावलीत बसतात. सीपीएचईईओ मॅन्युअल काढून शेजारी ठेवा, एकही चूक सापडणार नाही. आणि तरीही योजना पूर्ण झाल्यावर आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे उठून हंडे घेऊन बसलेल्याच असणार. असं कसं होतं, ते सांगतो.

एकच झोन घेऊ, आमचाच, जुन्या बाजारामागचा. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे थोडे गोल केलेत. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या १२ हजार धरलीय. माणशी रोज १३५ लिटर. त्यात गळती १५ टक्के. म्हणजे टाकीतून रोज साधारण १९ लाख लिटर बाहेर पडायला हवेत. हे १९ लाख त्यांनी चोवीस तासांत वाटले, आले सेकंदाला २२ लिटर. सकाळी सगळे एकदम पाणी वापरतात म्हणून त्याला अडीचने गुणलं (५० हजार ते २ लाख वस्तीच्या गावाला मॅन्युअलमध्ये अडीचच आहे), आले ५५ लिटर. झोनचे सगळे पाइप या सेकंदाला ५५ लिटरवर ठरलेत.

आता सांगा, आपल्याकडे पाणी चोवीस तास येतं का?

एक दिवसाआड दोन तास येतं. योजना झाल्यावर 'दररोज दोन तास' देऊ असं मुख्याधिकारी साहेबांनी स्वतः पत्रकारांना सांगितलंय, बातमी सगळ्यांनी फिरवली, मीपण लाइक केली. मग तोच हिशेब दोन तासांचा करून बघा. आज झोनमध्ये ९ हजार माणसं आहेत. त्यांना त्याच १३५ लिटरने, गळतीसकट, दिवसाला १४ लाख ३० हजार लिटर लागतात. हे दोन तासांत द्यायचे तर सेकंदाला जवळपास २०० लिटर सोडावे लागतील. पाइप ५५ साठी, पाणी २०० चं! तेही आजच्या लोकसंख्येला, तीस वर्षांनंतरच्या नाही.

पहिली चूक ही. कुणी म्हणेल, एवढं काय, पाइपात थोडं जोरात जाईल पाणी. जात नाही. पाइपातलं पाणी जसं वाढवाल तशी घर्षणाने वाया जाणारी उंची त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याच्या १.८५ व्या घाताने वाढते. हेझन-विल्यम्सचं हे सूत्र डिप्लोमाच्या पोरालाही येतं. प्रवाह दुप्पट केला तर नुकसान साडेतीन पटीच्या पुढे जातं. ५५ चे २०० केले तर दहापटीहून जास्त.

आता दुसरा आकडा, शिल्लक दाबाचा. टाकीतल्या पाण्याची सर्वांत खालची पातळी आणि आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाची जमीन यांत २० मीटरचा फरक आहे. म्हणजे पाणी नुसतं उभं असेल तर शेवटच्या नळाला २० मीटर दाब, आपल्या भाषेत दोन किलो. मॉडेलमध्ये ५५ लिटर वाहताना वाटेत ८ मीटर खर्च होतात, उरतात १२. दुमजली घराला १२ मीटर पाहिजेत असं मॅन्युअल म्हणतं, म्हणून सारांशाच्या सातव्या पानावर मोठ्या रुबाबात लिहिलंय की सर्व नोडवर किमान शिल्लक दाब १२ मीटर राखला आहे. नोड म्हणजे पाइपांचा जोड किंवा टोक, त्यांच्या नकाशावरचा ठिपका.

दोन तासांत सगळ्यांना पाणी द्यायचं तर हे ८ मीटर वाढून ८० च्या वर जातात. आहेत २०. म्हणजे ते होऊच शकत नाही. मग काय होतं? २० च्या २० मीटर वाटेत संपतील आणि शेवटी दाब शून्य होईल, इतकंच पाणी पाइपातून जातं. उलटं गणित केलं तर ते सेकंदाला ९० लिटरच्या आसपास येतं. दोन तासांत साडेसहा लाख लिटर, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. गंमत बघा, टाकीही साडेसहा लाख लिटरचीच आहे, कारण तीही चोवीस तासांच्या हिशेबाने दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी धरलीय. दोन तासांत द्यायला १४ लाख लिटर टाकीत मावतच नाहीत! पाइपही तेवढंच देतो, टाकीही तेवढीच. एका चुकीला दुसरी चूक साथ देते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि हे साडेसहा लाख सगळ्यांना सारखे निम्मे-निम्मे मिळाले असते तरी मी ही पोस्ट लिहिली नसती. टाकीजवळच्या घरांचे जमिनीतले हौद रिकामे असतात, तोटी नसते, पाइप सरळ हौदात सोडलेला. दोन तास ते पाणी पीत बसतात. हौद भरून वाहिला तर गटारात, पण बंद कोण करतो? तोवर आमच्याकडे नळ सूं सूं करत हवा सोडत असतो. त्यात आदल्या दिवसापासून पाइप रिकामे झालेले. झोनमध्ये १४ किलोमीटर पाइप आहेत, सरासरी १०० मिलिमीटर व्यासाचे धरले तर ते नुसते भरायलाच लाखभर लिटर लागतात, म्हणजे दोन तासांतली पहिली वीसेक मिनिटं. मॉडेलमध्ये पाइप कायम भरलेलेच असतात. हवा, हौद आणि मोटारी यांना तिथे जागा नाही.

मोटारीचं तर विचारूच नका. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही मोटार लावली नाही तर आमच्या वाट्याला काय येणार?" मी काय उत्तर देणार? त्यांचं चूक आहे हे खरं, आणि त्यांच्याजागी मी असतो तर मीही लावली असती हेही खरं. पण शून्य दाबाच्या पाइपाला मोटार लावली की पाइपात दाब उणे होतो आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्या गल्लीत पाइप गटाराच्या कडेनेच गेलाय. पावसाळ्यात दरवर्षी आपल्याकडे जुलाबाची साथ येते आणि आपण ती 'हवेतला बदल' म्हणून सोडून देतो.

सल्लागार कंपनीचा इंजिनिअर तरुण आहे, बोलायला चांगला आहे. मी त्याला हे विचारलं तर म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये सगळे नोड हिरवे येतात." येणारच! एपानेट असो किंवा आणखी महागडं काही, साध्या पद्धतीने चालवलं तर ते तुम्ही सांगितलेली मागणी प्रत्येक नोडवर शंभर टक्के पुरवली असं गृहीतच धरतं आणि मग दाब काय उरतो ते सांगतं. तिथे दाब उणे तीस मीटर आला तरी पाणी पूर्ण दिलेलंच दाखवतं, बाजूला फक्त एक इशारा छापतं. उणे तीस मीटर दाब जगात कुठेही नसतो, दहाच्या आसपास पाण्याची वाफ होते. म्हणून दाबावर अवलंबून मागणी ही दुसरी पद्धत आहे. दाब कमी तर पाणी कमी. २०२० मध्ये आलेल्या एपानेट २.२ पासून ती फुकट उपलब्ध आहे. फाइलमध्ये चार ओळी घालायच्या असतात:

```
[OPTIONS]
DEMAND MODEL        PDA
MINIMUM PRESSURE    0
REQUIRED PRESSURE   12
PRESSURE EXPONENT   0.5
```

यात १२ मीटर दाब असेल तर पूर्ण पाणी, शून्य असेल तर काहीच नाही, मधे असेल तर त्या मानाने. हीही पद्धत पूर्ण खरं सांगत नाही, कारण टाकीजवळचा उघडा हौद मागणीपेक्षा जास्त ओढतो आणि ही पद्धत त्याला मागणीएवढंच देते. म्हणजे आमच्या गल्लीची खरी अवस्था हिच्या उत्तरापेक्षाही वाईट असणार. पण निदान लाल ठिपके कुठे येतात ते तरी दिसेल. मागणी दोन तासांची घालून हे चालवायला त्या पोराला एक दुपार पुरेल. त्याने मला सांगितलं की तसं करायला 'स्कोप'मध्ये नाही. त्याचं बरोबर आहे. स्कोप कुणी ठरवला, ते मी नगरपालिकेला विचारतोय.

आता नेहमीचं उत्तर येईल: "अहो काका, योजना चोवीस तासांचीच आहे, हळूहळू तिकडे जाऊ." मला हेच हवंय! चोवीस तास पाणी दिलं तर हेच पाइप, हीच टाकी पुरून उरते. आजच्या ९ हजार लोकांना चोवीस तास दिलं तर सकाळच्या गर्दीतही पाइपातून ४०-४२ लिटरच जातील आणि शेवटच्या नळाला १५ मीटर, म्हणजे दीड किलो दाब उरेल. मोटारीची गरज संपली, हंडे भरून ठेवायची गरज संपली. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय, ते काही परदेशात नाही. पण त्यांनी घरोघरी मीटर बसवले आणि जास्त वापराला जास्त दर लावला. आपल्या अंदाजपत्रकात घरगुती मीटरची ओळच नाही. मी तीनदा बघितलं. नाही. मीटर नाही म्हणजे तोटी बंद करायचं कारण नाही, मग १३५ लिटर हा आकडा टिकत नाही, मग टाकी दुपारीच रिकामी, आणि महिनाभरात पुन्हा व्हॉल्व्ह फिरवून दोन तासांवर. इथे मला आपल्या लोकांनाही बोलायचंय. मागच्या वेळी मीटरचा विषय निघाला तेव्हा मोर्चा कुणी काढला होता? फोटोत मी ओळखीचे चेहरे बघितलेत. ज्यांच्या घरी दहा हजार लिटरचा हौद आहे ते पुढे होते आणि ज्यांच्याकडे दोन हंडे आहेत ते त्यांच्यामागे घोषणा देत होते.

म्हणजे नगरपालिकेने एक काहीतरी ठरवावं. चोवीस तास द्यायचं असेल तर मीटर अंदाजपत्रकात घाला. दोनच तास द्यायचं असेल तर पाइप, टाकी आणि झोन दोन तासांच्या हिशेबाने काढा, ते महाग पडेल, तसं लोकांना सांगा. चोवीस तासांचे पाइप टाकून दोन तास पाणी सोडायचं आणि शेवटच्या गल्लीला 'उंचावर आहात' म्हणून सांगायचं, हे चालणार नाही. आम्ही उंचावर नाही, टाकीच्या २० मीटर खाली आहोत, तुमच्याच सातव्या पानावर लिहिलंय.

राहिला पंप. याकडे कुणी बघत नाही कारण पंप चालू असला की सगळे खूश. पण विजेचं बिल आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून जातं. आपल्या झोनची टाकी भरायला सेकंदाला २३ लिटरचा, ६० मीटर हेडचा पंप सुचवलाय. हेड म्हणजे पंपाने पाणी एकूण किती उंच ढकलायचं ते. यात शुद्ध पाण्याच्या हौदापासून टाकीच्या तोंडापर्यंतची खरी उंची आहे ३४ मीटर. बाकीचे २६ कुठून आले ते मी मागे मागे जाऊन काढलं.

पाइप नवा, आतून सिमेंटचं अस्तर असलेला डीआयचा. त्याचा गुळगुळीतपणाचा आकडा, ज्याला आम्ही 'सी' म्हणतो, १४० धरायची पद्धत आहे. यांनी १०० धरलाय, जुन्या गंजक्या बिडाच्या पाइपाचा. एवढ्यानेच घर्षण ६ मीटरचं ११ झालं. मग पंप पंधरा वर्षांच्या गरजेसाठी घ्यायचा असतो, आणि घेतलायही त्याच २३ लिटरचा, पण घर्षण मात्र तीस वर्षांनंतरच्या प्रवाहावर काढलंय. झाले १४. पंपघरातले व्हॉल्व्ह, वळणं यांचे ३. एकूण ५१. त्यावर सुरक्षिततेसाठी दहा टक्के, ५६. मग कॅटलॉगमध्ये त्याच्या वरचा पंप ६० चा. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी 'असू दे थोडं जास्त' म्हटलंय. खरी गरज ३४ आणि ६ आणि ३, म्हणजे ४३ मीटर.

जास्त हेडचा पंप म्हणजे जास्त ताकद, चांगलंच की, असं वाटतं. तसं नसतं. ४३ मीटरच्या कामाला ६० चा पंप लावला की तो आपल्या कर्व्हवर उजवीकडे पळतो, ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकायला लागतो, अँपिअर वाढतात, मोटार गरम होऊन ट्रिप होते, कधी सक्शनला खडखड आवाज सुरू होतो, जणू आत खडी फिरतेय. ऑपरेटर मग काय करतो? डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह चार आटे उघडा ठेवून बाकी बंद करतो. अँपिअर खाली येतात, सगळं शांत. म्हणजे वीज जाळून १७ मीटर उंची तयार करायची आणि व्हॉल्व्हमध्ये मारून टाकायची. पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ताशी सहा युनिट. आजच्या गरजेला पंप रोज १७ तास चालेल, वर्षाचे ३७ हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरा, वर्षाला तीन लाख. एका झोनचे. आपल्याकडे झोन पाच आहेत.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. आपल्या आत्ताच्या पंपघरात जा. व्हॉल्व्हच्या आधी एक प्रेशर गेज असतं, व्हॉल्व्हनंतर एक बसवायला सांगा. दोन्हींत जो फरक दिसेल ते तुमचे पैसे. मी गेलो होतो. पंपाजवळचं गेज बंद पडलेलं होतं आणि व्हॉल्व्हच्या चाकाला तार बांधलेली होती, कुणी चुकून जास्त उघडू नये म्हणून. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आलो तेव्हापासून हे असंच आहे." बिचारा खरंच बोलत होता. नवीन पंप घेताना त्याचा कर्व्ह आणि आपल्या पाइपलाइनचा कर्व्ह एका कागदावर काढून दोन्ही कुठे छेदतात ते दाखवा, एवढी मागणी केली तरी हा प्रकार थांबतो. सारांशात पंपाचा कर्व्ह जोडलाय, पण पाइपलाइनचा त्यावर काढलेलाच नाही. नुसता एक टिंब दिलाय, ६० मीटरवर.

मी सभेला अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तीन मागण्या आहेत. दोन तासांच्या पुरवठ्याचं मॉडेल दाबावर अवलंबून मागणीने चालवून शेवटच्या नोडचे आकडे सभेपुढे ठेवा. घरगुती मीटर अंदाजपत्रकात घ्या, नाहीतर 'चोवीस तास' हा शब्द काढा. पंपाचं हेड खऱ्या 'सी'वर पुन्हा काढा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून सांगितलं, "आता निवृत्त झालास, कशाला लागतोस? तूसुद्धा असंच केलंस ना?" केलं. २००० च्या दशकात एका गावच्या अशाच सारांशावर माझी सही आहे. तिथल्या टोकाच्या वस्तीला अजून टँकर जातो. म्हणूनच लागतोय.

आणि एक. ज्यांना मी अतिशयोक्ती करतोय असं वाटतं त्यांच्यासाठी: साध्या प्लंबिंगच्या दुकानात चार किलोपर्यंतचं प्रेशर गेज मिळतं, अर्ध्या इंचाच्या नळाला बसतं. आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला मी गेल्या पाळीला लावलं होतं. पाणी सुटल्यावर पहिला पाऊण तास काटा हललाच नाही. मग जास्तीत जास्त पाव किलो. बाजारातल्या टाकीजवळच्या नळाला त्याच वेळी माझ्या पुतण्याने लावलेलं, तिथे दीड किलो. पुढची पाळी गुरुवारी पहाटे साडेपाचला आहे. प्रत्येक गल्लीतून एकाने तरी गेज लावा, वेळ आणि काट्याचा फोटो इथे खाली टाका. सभा सोमवारी अकरा वाजता आहे, प्रेक्षक गॅलरीत बसायला पास लागत नाही.